जुना रेपियर की नवा? हिशोब वर्षाचा करा

मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी या पट्ट्यात धोट्याचे साचे काढून रेपियर बसविण्याचा विचार आज अनेक कारखानदार बांधव करीत आहेत. या विचाराबरोबर एक प्रश्न हटकून येतो. बाहेरून आलेला वापरलेला रेपियर घ्यावा की कोरा नवा? जुना स्वस्त मिळतो, पण चार वर्षांत थकतो आणि सुटे भाग खातो. नवा महाग पडतो, पण दहा वर्षे चालतो आणि कमी खातो. मशीन विकणारे दलाल आपापल्या सोयीने सल्ला देतात आणि आपले बांधव कुणाच्या तरी तोंडच्या हिशोबावर लाखो रुपये गुंतवितात. माझे मत असे आहे की, या प्रश्नाचे उत्तर खरेदीच्या भावात नाही आणि आयुष्याच्या वर्षांतही नाही. दोन्ही मशीन दरवर्षी आपल्याला कितीला पडतात हे काढले तरच उत्तर मिळते. बँकवाले आणि मोठे गिरणीवाले हा हिशोब नेहमी करतात. त्याला समतुल्य वार्षिक खर्च असे भारदस्त नाव आहे. आपल्या खातेवहीत तो दहा मिनिटांत मांडता येतो.

एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते मांडले आहेत, ज्याने त्याने आपल्या गावचे आकडे घालावेत. जुना साचा 3 लाखांना पडतो व 4 वर्षे चालतो. नवा साचा साडेसात लाखांना पडतो व 10 वर्षे चालतो. या रकमांत वाहतूक, पाया, फिटिंग हे सारे आले. शेवटी येणारी भंगाराची किंमतही वजा झालेली आहे, ती कशी वजा करायची ते पुढे सांगतो. सुटे भाग, तेल, फिटरची मजुरी आणि जादा लागणारी वीज यावर जुना साचा वर्षाला 80 हजार खातो, नवा 55 हजार. सूत, कारागिराची मजुरी, जागेचे भाडे आणि विजेचा सारखा भाग मी मुद्दाम धरलेला नाही. जो खर्च दोघांनाही तितकाच आहे, तो निवडीच्या हिशोबात धरला काय नि सोडला काय, फरक पडत नाही. दोन्ही साच्यांवर तोच माल, त्याच वेगाने विणायचा आहे असे समजा.

तोंडचा हिशोब कुठे फसतो

आता तोंडचे हिशोब पाहा. पहिला माणूस म्हणतो, तीन लाख कुठे नि साडेसात लाख कुठे, जुना घ्या. दुसरा एकूण खर्च जोडतो. जुन्याचे 3 लाख आणि चार वर्षांचे 3 लाख 20 हजार मिळून 6 लाख 20 हजार, नव्याचे साडेसात लाख आणि दहा वर्षांचे साडेपाच लाख मिळून 13 लाख. म्हणजे पुन्हा जुनाच स्वस्त! पण हा हिशोब चार वर्षांच्या कामाची तुलना दहा वर्षांच्या कामाशी करतो. चार मीटर कापडाचा भाव आणि दहा मीटर कापडाचा भाव शेजारी ठेवून चार मीटरवाले स्वस्त म्हणण्यासारखेच हे आहे.

तिसरा माणूस सर्वांत हुशार दिसतो, आणि दलाल बहुधा त्याचीच भाषा बोलतात. तो किंमत वर्षांनी भागतो. 3 लाख भागिले 4 म्हणजे 75 हजार. साडेसात लाख भागिले 10 म्हणजे तेही 75 हजार. साच्याची झीज दोन्हीकडे सारखीच, आणि वर खर्चात 25 हजारांची बचत. मग नवाच घ्या, डोळे मिटून घ्या. ऐकायला हे अगदी बिनतोड वाटते, कारण इथे निदान वर्षाचा भाव काढला आहे. परंतु यातही एक गोष्ट निसटली आहे, आणि ती व्यापाऱ्याच्या नजरेतून कधी निसटू नये. ती म्हणजे पैसा अडकून पडणे.

नवा साचा घेणारा आज साडेचार लाख रुपये जादा घालतो. ते पैसे वर्षानुवर्षे लोखंडात बसून राहतात आणि थोडेथोडे करून परत येतात. तेच साडेचार लाख सुताच्या गाठी उचलण्यात, कापडाच्या उधारीत किंवा दुसऱ्या साच्यात फिरत राहिले असते तर त्यांनी नफा आणला असता. नुसती किंमत वर्षांनी भागणारा माणूस असे धरून चालतो की अडकलेल्या पैशाला काही मोल नाही. बाजारात बसलेल्या कोणत्याही शेठजींना विचारा, ते हसतील.

वर्षाचा खरा भाव कसा काढायचा

समजा तुमचा पैसा धंद्यात फिरला तर महागाई वजा जाता वर्षाला 12 टक्के मिळवून देतो. आता प्रश्न असा की, साच्यात घातलेले 3 लाख त्याच्या 12 टक्के कमाईसह चार समान हप्त्यांत वसूल व्हायचे असतील, तर साच्याने दरवर्षी किती रुपये परत दिले पाहिजेत? ती रक्कम म्हणजे साच्याचे वर्षाचे भाडे. आपण आपल्यालाच द्यायचे भाडे समजा.

ती साध्या कॅल्क्युलेटरवर निघते. 1.12 ला स्वतःने गुणत जायचे, जितकी वर्षे तितक्या वेळा तो आकडा गुणाकारात आला पाहिजे. चार वर्षांचे उत्तर येते 1.5735. आता 1 ला त्याने भागा, 0.6355 येईल. ते 1 मधून वजा करा, 0.3645 उरेल. 12 ला त्याने भागा, उत्तर येईल 32.92. म्हणजे शंभर रुपयांमागे दरवर्षी 32 रुपये 92 पैसे. दहा वर्षांसाठी हीच कृती केली तर 1.12 दहा वेळा गुणून 3.1058 येतात, भागून 0.3220, वजा करून 0.6780, आणि 12 ला त्याने भागून 17.70.

आता जुन्या साच्याचे वर्षाचे भाडे झाले 3 लाखांवर 32.92 टक्के, म्हणजे 98,760 रुपये. नव्याचे साडेसात लाखांवर 17.70 टक्के, म्हणजे 1,32,750 रुपये. ज्यांना तोंडच्या हिशोबात दोन्हीकडे 75 हजार दिसत होते, त्यांना इथे 34 हजारांचा फरक दिसेल.

ज्यांना शंका असेल त्यांनी खाते मांडून पाहावे. जुन्या साच्याच्या नावे 3 लाख लिहा. वर्षाअखेर 12 टक्क्यांनी ते 3,36,000 झाले, त्यातून 98,760 जमा केले, 2,37,240 उरले. पुढच्या वर्षी ते वाढून 2,65,709 झाले, जमा वजा जाता 1,66,949. तिसऱ्या वर्षाअखेर उरले 88,223. चौथ्या वर्षी ते 98,810 झाले, आणि शेवटचा हप्ता जमा करताच खाते 50 रुपयांच्या फरकाने बंद झाले. हा फरकही आपण पैसे तोडल्यामुळे राहिला. साचा थकला त्याच दिवशी खाते चुकते झाले, हीच या आकड्याची कसोटी.

आता यात वर्षाचा चालू खर्च मिळवा. जुना 98,760 अधिक 80,000 म्हणजे 1,78,760. नवा 1,32,750 अधिक 55,000 म्हणजे 1,87,750. या उदाहरणात जुना साचा वर्षाला सुमारे 9 हजारांनी स्वस्त पडला. दलालाच्या हिशोबात नवा 25 हजारांनी स्वस्त होता. एकाच साच्याचे, एकाच आकड्यांवरून निघालेले हे दोन उलटे निकाल आहेत.

चार वर्षांची आणि दहा वर्षांची तुलना इथे न्याय्य का, असे कुणी विचारील. वीस वर्षांचे चित्र डोळ्यांपुढे आणा. तेवढ्या काळात जुने साचे पाच लागतील आणि नवे दोन. दोन्ही बाजूंना वीस वर्षांचे काम झाले. पहिल्या बाजूला वीस वर्षे दरवर्षी 1,78,760 पडत राहतील, दुसऱ्या बाजूला 1,87,750. वर्षाचा भाव काढला की वीस वर्षांची लांबलचक मांडणी करावी लागत नाही, एवढाच त्याचा फायदा.

भंगाराचे राहिले. समजा जुन्या साच्याची खरी खरेदी 3,32,000 होती आणि चार वर्षांनी भंगारात 50 हजार येणार होते. पण ते चार वर्षांनी येणार आहेत, म्हणून त्यांचे आजचे मोल मघाच्या 0.6355 ने गुणून काढायचे. ते येते सुमारे 32 हजार. नवा 7,82,000 चा, दहा वर्षांनी त्याचे 1 लाख येणार, 0.3220 ने गुणून त्याचेही मोल आज 32 हजारच. ते वजा करून 3 लाख आणि साडेसात लाख राहिले. दहा वर्षांनंतरचे लाख रुपये आज बत्तिसाच हजारांचे असतात, हे दलाल 'शेवटी लाख रुपये येतीलच' म्हणतात तेव्हा आठवावे.

बारा टक्के म्हणजे सूद नव्हे

आपल्यातले पुष्कळ बांधव टक्क्यांचा दर ऐकताच कागद मिटतात. सूद घ्यायचा नाही, द्यायचा नाही, मग हा हिशोब आपल्या काय कामाचा, असे ते म्हणतात. यात गैरसमज आहे. इथे कुणाकडून काही घेतले जात नाही आणि कुणाला काही दिले जात नाही. हा दर आपल्या वहीतला आहे. आपला पैसा आपल्याच तिजारतीत फिरला असता तर काय नफा आला असता, याचा तो अंदाज आहे. भागीदारीत किंवा मुदारबतीवर पैसा घातलेल्या साथीदारालाही नफ्याची हीच अपेक्षा असते. साचा घेण्यासाठी पैसा कोणत्या मार्गाने उभा करावा हा प्रश्न वेगळा आहे, त्याचा मसला उलेमांना विचारावा. परंतु अडकलेल्या भांडवलाचे मोल न धरणे म्हणजे परहेज नव्हे, तो केवळ अपुरा हिशोब आहे.

आणि हा दर किती महत्त्वाचा आहे ते पाहा. ज्याचा पैसा धंद्यात 12 ऐवजी 6 टक्केच मिळवितो, त्याने तीच कृती 1.06 घेऊन करावी. चार वर्षांना शंभरामागे 28.86 आणि दहा वर्षांना 13.59 येतात. जुना झाला 86,580 अधिक 80,000, म्हणजे 1,66,580. नवा झाला 1,01,925 अधिक 55,000, म्हणजे 1,56,925. आता नवा साडेनऊ हजारांनी स्वस्त! सुमारे 9 टक्क्यांना दोन्ही जवळजवळ बरोबरीत येतात.

याचा अर्थ नीट समजून घ्यावा. ज्याच्याकडे पैसा पडून आहे, त्याला नवा साचा परवडतो. ज्याचा एकेक रुपया सुताच्या खरेदीत फिरतो आहे आणि बँकेचा दरवाजा ज्याला आपल्या मर्जीने किंवा नाइलाजाने बंद आहे, त्याला जुना साचा परवडतो. म्हणून जुना रेपियर घेणाऱ्या लहान कारखानदाराला मागासलेला म्हणून हिणविणे मला पटत नाही. अनेकदा त्याची निवड अगदी बरोबर असते, फक्त तिचे कारण त्याला आकड्यांत सांगता येत नाही. त्याचप्रमाणे शेजाऱ्याने नवा घेतला म्हणून आपणही घेणे चूक. शेजाऱ्याच्या पैशाचा दर आणि आपल्या पैशाचा दर एक नसतो.

महागाईचाही उल्लेख केला पाहिजे. वरचे सारे खर्च आजच्या भावाने धरले आहेत, म्हणून दरही महागाई वजा जाऊन धरायचा. धंदा 18 टक्के देत असेल आणि भाव साडेपाच टक्क्यांनी वाढत असतील, तर वहीत सुमारे 12 धरावेत. खर्च आजचे आणि दर मात्र पूर्ण 18 चा धरला तर नवा साचा विनाकारण महाग दिसेल.

बंद पडलेले दिवस

जुन्या साच्याच्या बाजूने निघालेली ही 9 हजारांची बाकी फार पातळ आहे. ती कशाने उडून जाईल? माझ्या मते साचा बंद पडण्याच्या दिवसांनी. फिटरचे बिल वहीत चढते, पण साचा उभा राहिला त्या दिवसाचे बिल कुणी पाठवीत नाही. मजुरीवर माल विणणाऱ्याचा साचा एक दिवस बंद राहिला, तर त्या दिवसाच्या विणाईतून कारागिराची मजुरी आणि वाचलेली वीज वजा जाता जे उरले असते ते बुडाले. ते दिवसाला 600 रुपये धरा. म्हणजे जुना साचा नव्यापेक्षा वर्षाला 15 दिवस जादा बंद राहिला की 9 हजार संपले, दोन्ही साचे बरोबरीत आले. सोळाव्या दिवसापासून नवा स्वस्त.

पंधरा दिवस म्हणजे काही फार नव्हे. जुन्या साच्याचा यांत्रिक भाग गावचा कारागीर घासून, वेल्डिंग करून चालवितो. पण इलेक्ट्रॉनिक कार्ड जळाले आणि बनविणाऱ्याने ते मॉडेल बंद केलेले असले, तर ते दुरुस्त होऊन येईपर्यंत साचा नुसता उभा असतो. म्हणून जुना साचा घेण्यापूर्वी रंगरंगोटी पाहू नये. त्याच मॉडेलचे साचे ज्याच्याकडे दोन वर्षे चालले आहेत त्याच्याकडे जावे, आणि वर्षात किती दिवस बंद होता, कशामुळे, कार्ड कुठून आणले, हे विचारावे. ज्यांच्याकडे आज साचे आहेत त्यांनी प्रत्येक साच्याशेजारी एक वही टांगावी, बंद पडल्याची आणि चालू झाल्याची वेळ लिहावी. हा आकडा विकणाऱ्याकडून मिळत नाही.

जुन्याचा खर्च दरवर्षी वाढतो, मग सरसकट 80 हजार कसे धरले, असेही कुणी म्हणेल. समजा तो पहिल्या वर्षी 68 हजार, मग 76, 86 आणि शेवटी 96 हजार आहे. प्रत्येक वर्षाच्या खर्चाचे आजचे मोल काढून ते पुन्हा चार समान हप्त्यांत बसविले तर 80 हजारच येतात. साधी सरासरी साडेएक्क्याऐंशी येते. फरक थोडा आहे, म्हणून घाईत सरासरी धरली तरी चालेल. पहिल्या वर्षाचा आकडा सर्व वर्षांना लावणे मात्र चालणार नाही. दलाल नेमका तोच दाखवितो.

हा हिशोब कुठे लागू नाही

या पद्धतीच्या पोटात एक अट आहे. चार वर्षांनी पुन्हा तसाच जुना साचा, आजच्याच भावाने, महागाई सोडून, मिळेल असे ती धरते. तो मिळणार नसेल तर जुन्याचा 98,760 चा आकडा पुढच्या फेरीला खोटा ठरेल. उलट चार वर्षांत नव्या साच्यांचे भाव उतरणार असे वाटत असेल, तर लवकर मोकळे होण्याची मुभा हा जुन्याचा जादा फायदा समजावा.

दुसरे, एखाद्या पार्टीचे काम चार वर्षांचेच असेल आणि पुढे साचा ठेवायचाच नसेल, तर नव्याची दहा वर्षे धरू नयेत. 7,82,000 चा नवा साचा चार वर्षांनी 4 लाखांना विकला जाईल असे धरले, तरी त्याचे वर्षाचे भाडे पावणेदोन लाखांच्या आसपास जाते. चालू खर्चातली 25 हजारांची बचत तिथे काहीच भरून काढीत नाही.

तिसरे, वेग. नवा साचा जादा मीटर काढीत असेल तर वर्षाचा खर्च मीटरांनी भागून मीटरचा भाव काढावा. जुना वर्षाला 20 हजार मीटर काढतो, नवा 24 हजार, तर जुन्याचे मीटरला 8 रुपये 94 पैसे आणि नव्याचे 7 रुपये 82 पैसे पडतात, आणि पारडे फिरते. पण जादा चार हजार मीटरांना वर्षभर काम मिळाले तरच हे खरे. मंदीत साचे निम्मा वेळ उभे असतात, तेव्हा वेगाचा फायदा कागदावरच राहतो आणि अडकलेले साडेचार लाख मात्र रोज आपले भाडे मागतात. अनुदानाचेही तसेच. हाती येईपर्यंत ते किमतीतून वजा करू नये, आणि उशिरा येणार असेल तर भंगाराप्रमाणे त्याचेही आजचे मोल धरावे.

आपल्या कारखानदार संघटनांनी सभांतून मागण्यांचे ठराव जरूर करावेत, पण त्याबरोबर 6, 9, 12 आणि 15 टक्क्यांना तीन वर्षांपासून बारा वर्षांपर्यंत शंभरामागे किती पडतात याचा एक तक्ता छापून प्रत्येक सभासदाला द्यावा. एका पानात तो मावतो. मग दलाल समोर बसला की त्याला किंमत विचारून थांबू नका. किती वर्षे चालेल, वर्षाला काय खाईल आणि किती दिवस बंद राहील, हे तीन आकडे मागा, आणि वर्षाचा भाव आपण स्वतः काढा.